मदत हवी आहे: हिशेबाचं विचारलं की मुलगा खाली बघतो, खोटं बोलतोय का?

दुकानदार_तालुका: आमचं मेडिकल आहे. महिनाभर रात्री गल्ला जुळत नाहीये, कधी दोनशे कमी, कधी साडेतीनशे. संध्याकाळी काउंटरला वीस-बावीसचा एक मुलगा असतो. त्याला विचारलं की काचेखालच्या गोळ्यांच्या पाकिटांकडे बघत म्हणतो, "दादा, बिलाप्रमाणेच घेतलेत." वडिलांचं म्हणणं, नजर देत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, काढून टाक. मला हे पटत नाही, पण वडिलांना काय सांगू तेही कळत नाही. नजर न देणं हा पुरावा धरायचा का?

निवृत्त_बँकर: कर्जाच्या मुलाखती घेण्यात जन्म गेला माझा. खोटं रचणारा उजवीकडे वर बघतो, खरं आठवणारा डावीकडे. आणि अपेक्षा नसताना प्रश्न टाका. गडबडला की समजून जा.

शमा_पुणे: काका, उजवं-डावं सोडून द्या. २०१२ साली ब्रिटनमध्ये वाइझमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना खरं-खोटं बोलायला लावून त्यांच्या डोळ्यांची दिशा तपासली. काहीही मेळ बसला नाही. अनपेक्षित प्रश्नाचा मुद्दा मात्र बरोबर आहे, फक्त गडबड बघायची नाही, उत्तरात पडताळता येईल असं काय सांगितलं ते बघायचं.

दुकानदार, तुमच्या वडिलांसारखं जगभर वाटतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना खोटारडा कसा ओळखाल असं विचारलं होतं. सगळ्यात जास्त लोकांनी दिलेलं उत्तर हेच, तो नजर देत नाही. पण २००३ मध्ये डीपाउलो आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तर एकंदरीत नजरेचा आणि खोट्याचा संबंध जवळपास शून्य निघाला. पकडलं जाण्याची धास्ती मोठी असेल तिथे किंचित फरक दिसतो, पण तेवढ्यावर एका माणसाचा निकाल लावता येत नाही. उलट ज्याला खोटं पचवायचंय तो मुद्दाम डोळ्यांत बघतो, कारण हा समज त्यालाही माहीत असतो.

निवृत्त_बँकर: म्हणजे आमचा अनुभव वाया?

शमा_पुणे: वाया नाही, पण सुटलेले खोटारडे मोजले जात नाहीत ना! नुसतं बघून-ऐकून ओळखायला सांगितलं तर लोक सरासरी ५४ टक्के बरोबर येतात. नाणं उडवलं तरी ५०.

मग माणूस खाली का बघतो? एक कारण अगदी साधं आहे. समोरचा चेहरा वाचण्यातही डोकं खर्च होतं. १९९८ च्या ग्लेनबर्ग यांच्या प्रयोगांत प्रश्न जितका अवघड तितके लोक जास्त नजर हटवत होते, आणि डोळे मिटून उत्तर दिलं तर आठवायचंही जास्त. तुम्ही त्या मुलाला कालची बिलं आठवायला सांगताय, तेही मालक म्हणून. तो पाकिटांकडे बघणारच.

अबोली७: माझं थोडं वेगळं आहे. मला ऑटिझम आहे. डोळ्यांत बघत राहिले तर समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरतच नाही. नाहीतर बघण्याचं नाटक करायचं, भुवयांच्या मधोमध. इंटरव्ह्यूत तेच करते, आणि "कॉन्फिडन्ट आहात" असं ऐकून घेते.

कोल्हापुरी_पाटील: आमच्यात थोरल्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोललं तर कानाखाली बसते. आमचा पोरगा तर मोबाइलमधून मानच वर काढत नाही, त्याचं काय करायचं सांगा कुणीतरी!

शमा_पुणे: पाटील, त्याला वेगळा धागा काढा :) पण पहिला मुद्दा इथे लागू आहे. दुकानदार, हा मुलगा एरवी कसा बोलतो? सुट्टी मागताना, क्रिकेटवर बोलताना? तेव्हाही खालीच बघत असेल तर हिशेबाच्या वेळी खाली बघण्याला अर्थच उरत नाही.

दुकानदार_तालुका: एरवीही फारसं बघत नाही. गिऱ्हाइकांशी बोलताना नजर औषधाच्या पट्टीवरच.

औषधवाला: नजरेचं राहू द्या हो. परत आलेल्या औषधांचं काय करता? आमच्याकडे उरलेली पट्टी घेऊन पैसे रोख परत दिले जायचे आणि परतीचं बिल कोणी फाडायचंच नाही. माल कपाटात, पैसे गल्ल्यातून गेले. तीच तूट.

शमा_पुणे: हे भारी. त्याला "पैसे घेतलेस का" असं विचारूच नका. "परवा संध्याकाळी परत कोण आलं, काय आणलं?" असं विचारा, सावकाश, शेजारी बसून, आणि पट्ट्या कपाटातल्या साठ्याशी ताडून बघा.

दुकानदार_तालुका: काल बसलो. दोन दिवसांच्या परतीची औषधं त्याने नावासकट सांगितली, शुगरच्या गोळ्या आणि एक इन्हेलर. साठ्यात तेवढे जास्त निघाले आणि त्या दोन दिवसांची तूट जुळली. मात्र परवाचे साडेतीनशे अजून सापडत नाहीत. त्या संध्याकाळी तासभर वडीलच गल्ल्यावर होते, हे त्यांना कसं विचारायचं तेवढं सांगा.

निवृत्त_बँकर: डोळ्यांत बघू नका, एवढंच.