लाळेचं पुरळ: लाळ यायच्या आधी थर
> दिवसातून वीसदा पुसते तरी हनुवटी लालच, आता बेबी पावडर लावून बघू का?

पावडर नकोच ताई, लाळेत भिजून तिचा लगदा होतो, शिवाय बाळाच्या नाकातोंडात जाते ते वेगळंच. आणि ते वीसदा घासून पुसणंच नडतंय बघा. आमच्या पोरीला सातव्या महिन्यात दात येताना असंच झालेलं, त्यात कोल्हापूरचा जुलै म्हणजे बिब दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मी आपली तीच दमट गळ्यात बांधायची. गंमत म्हणजे डावा गालच जास्त लाल. नंतर कळलं, पाठीवर झोपवलं तरी मान डावीकडे वळायची आणि गाल रात्रभर ओल्या दुपट्यावर. मग सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचे तुकडे केले, कोमट पाण्याने धुवून नुसतं टिपायचं, पूर्ण कोरडं झालं की साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, झोपायच्या आणि भरवायच्या आधी. लाळ यायच्या आधी थर पाहिजे, ओल्या कातडीवर लावलं तर ओल आतच राहते. चार-पाच दिवसांत गाल निवळला.

पण गळ्याच्या वळीतलं काही जाईना, तिथं लालभडक आणि कडेला सुटे सुटे बारीक लाल ठिपके. डॉक्टर म्हणाले ही बुरशी, जेलीने जाणार नाही, वेगळं मलम दिलं. तसं दिसलं, किंवा पिवळट खपली धरली, पाणी सुटलं, तर घरी प्रयोग करत बसू नका, सरळ दाखवा.