फवाऱ्यातला द्रव वर कसा चढतो

> ‘अत्तराच्या बाटलीचा रबरी फुगा दाबला की हवा अत्तरात बुडवलेल्या नळीच्या वरच्या तोंडावरून आडवी निघून जाते. मग खालचे अत्तर वर कोण ओढते?’

ओढत कोणीच नाही; बाटलीतील द्रवाच्या पृष्ठभागावरचा वातावरणाचा दाब त्याला वर ढकलतो. फुग्यातून आलेली हवा अरुंद वाटेतून जाताना वेग घेते, त्यामुळे नळीच्या तोंडाशी दाब थोडा उतरतो आणि खालचा दाब वरचढ ठरतो.

हा फरक किती लागतो, ते पाहू. पाणी ५ सेंटिमीटर चढवायला सुमारे ४९० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अवघा अर्धा टक्का, पुरतो. प्रवाहाचा वेग आणि दाब यांचा संबंध सांगणाऱ्या बर्नुलीच्या सूत्राने त्यासाठी हवेचा वेग सेकंदाला साधारण २९ मीटर येतो. प्रत्यक्षात घर्षणामुळे थोडा अधिक लागतो.

मात्र ‘वेगवान हवेचा दाब नेहमीच कमी असतो’ हे विधान अपुरे आहे. मोकळ्यावर सुटलेल्या सरळ झोताचा दाब जवळजवळ भोवतालच्या हवेइतकाच असतो. तो उतरतो ते वाट अरुंद झाल्यामुळे किंवा नळीच्या कडेवरून प्रवाह वळल्यामुळे. म्हणूनच नळीचे टोक झोतात किंचित घुसलेले असावे लागते.

बाटलीत हवा शिरायला बारीक छिद्रही हवे. ते बुजले, तर द्रव कमी होताच आतला दाब घटतो आणि फुगा काही वेळा दाबल्यानंतर नुसती हवाच बाहेर येते. झाकण सैल करताच फवारा पुन्हा सुरू झाला, तर दोष छिद्राचाच समजावा.

बोटाने दाबायच्या आधुनिक बाटल्यांत मात्र बहुधा दट्ट्याचा पंप असतो. त्यांना हे स्पष्टीकरण लागू नाही.