३×३ मॅट्रिक्सचा इन्व्हर्स कोफॅक्टरने काढावा की ओळींच्या क्रियांनी?

जुळे सोलापूर (धागाकर्ता): माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. क्लासचे सर इन्व्हर्स ओळींच्या क्रियांनीच काढायला सांगतात, तर कॉलेजातील मॅडम कोफॅक्टरचा आग्रह धरतात. प्रश्नात पद्धत नेमून दिलेली नसेल, तर त्याने कोणती धरावी, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे कागदावरच कसे ओळखावे?

सात रस्ता: ओळींच्या क्रियाच धराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. कोफॅक्टरच्या पद्धतीत नऊ छोटे निश्चयक, नऊ चिन्हे आणि वर शेवटी ट्रान्सपोज करायचे असते, आणि मुले नेमके तेच विसरतात. शिवाय ही पद्धत तीनपुढे उपयोगाची राहत नाही, कारण ४×४ ला तिथे ३×३ चे सोळा निश्चयक सोडवावे लागतात. जी सवय पुढे मोडावीच लागणार, ती लावायची कशाला?

होटगी रोड: मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते आणि वरील मताशी सहमत नाही. प्रश्न ३×३ चा आहे, आणि तिथे कोफॅक्टरचा एक गुण दुसऱ्या पद्धतीत नाही: नऊही कोफॅक्टर मूळ मॅट्रिक्सवरून थेट काढले जात असल्यामुळे एक चुकला तरी बाकीचे आठ शाबूत राहतात. ओळींच्या क्रियांमध्ये दुसऱ्या पायरीवर एक चिन्ह चुकले, तर ती चूक पुढच्या प्रत्येक पायरीत झिरपत जाते आणि शेवटी ती कुठे झाली हे शोधायला सगळे पुन्हा मांडावे लागते. हे उदाहरण पाहा.

```
      २  १  ०
A  =  १  ३  २
      १  १  १
```

पहिल्या ओळीचे कोफॅक्टर असे येतात: ३·१ − २·१ = १, नंतर −(१·१ − २·१) = १, आणि शेवटी १·१ − ३·१ = −२. त्यांना पहिल्याच ओळीच्या संख्यांनी गुणून बेरीज केली की २·१ + १·१ + ०·(−२) = ३, म्हणजे निश्चयक ३ आहे. तो शून्य आला असता, तर तीन कोफॅक्टरांवरच थांबून इन्व्हर्स नाही असे लिहिता आले असते. दुसऱ्या ओळीचे कोफॅक्टर −१, २, −१ आणि तिसरीचे २, −४, ५ येतात. आता ओळींचे स्तंभ करायचे आणि प्रत्येक संख्येला ३ ने भागायचे:

```
            १  −१   २
A⁻¹ = (१/३) १   २  −४
           −२  −१   ५
```

विजापूर रोड: मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे याची पडताळणी सोपी सांगितली आहे. प्रत्येक ओळ तिच्याच कोफॅक्टरांनी गुणून बेरीज करायची आणि तिन्ही वेळा तोच निश्चयक आला की उत्तर बरोबर समजायचे. इथे दुसऱ्या ओळीवरून −१ + ६ − २ = ३ आणि तिसरीवरून २ − ४ + ५ = ३ येते, म्हणजे काम झाले.

होटगी रोड: ही पडताळणी उपयोगी आहे, पण पुरेशी नाही, आणि याच उदाहरणात ती फसते. समजा पहिल्या ओळीचा तिसरा कोफॅक्टर −२ ऐवजी चुकून +२ लिहिला. त्याच्या वाट्याला त्या ओळीतील शून्य येत असल्यामुळे बेरीज पूर्वीप्रमाणेच ३ येईल आणि चूक दिसणारच नाही. म्हणून तेच तीन कोफॅक्टर दुसऱ्या ओळीच्या संख्यांनीही गुणून पाहावेत. बरोबर असतील, तर १·१ + ३·१ + २·(−२) = ० येते, आणि +२ घेतल्यास ८ येते. परक्या ओळीशी गुणल्यावर शून्यच का यावे, हे ज्यांना सदिश येतात त्यांना लगेच पटेल: पहिल्या ओळीचे कोफॅक्टर म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचा सदिश गुणाकार, आणि तो त्या दोन्ही ओळींना लंबच असतो.

दुसरे असे की, या दोन्ही कसोट्या ट्रान्सपोजच्या आधीच्या कोफॅक्टरांवर चालतात, त्यामुळे ट्रान्सपोज राहून गेल्यास त्या काहीच सांगत नाहीत. त्यासाठी A ची पहिली ओळ आणि लिहिलेल्या उत्तराचा पहिला स्तंभ (भागाकाराआधीचा) गुणावा. बरोबर उत्तरात २·१ + १·१ + ०·(−२) = ३ येते, आणि ट्रान्सपोज विसरला असल्यास २·१ + १·(−१) + ०·२ = १. सरावाची उदाहरणे मात्र सममित मॅट्रिक्सची नसावीत, कारण तिथे ट्रान्सपोज विसरला तरी उत्तर बरोबरच येते आणि मुलाला आपण विसरतो आहोत हे कळतच नाही.

अक्कलकोट रोड: माझा टॉवेलचा कारखाना आहे. माझे गणित असे आहे की, तीन आकारांचे टॉवेल निघतात आणि ताण्याचे, बाण्याचे आणि पाइलचे असे तीन प्रकारचे सूत लागते. आठवड्यात किती सूत संपले यावरून कोणते टॉवेल किती निघाले हे काढायचे, म्हणून एक्सेलमध्ये MINVERSE वापरले, तर #NUM! येते. मोठ्या टॉवेलला लहान टॉवेलच्या नेमके दुप्पट सूत लागते, तिन्ही प्रकारांचे. यातून कोफॅक्टरने मार्ग निघेल का?

होटगी रोड: नाही निघणार, साहेब. एक स्तंभ दुसऱ्याच्या दुप्पट असल्यावर निश्चयक शून्यच येतो, मग पद्धत कोणतीही घ्या. कारणही तुमच्या कारखान्यातच दिसते: एका मोठ्या टॉवेलला लागलेले सूत आणि दोन लहान टॉवेलांना लागलेले सूत हिशेबात एकसारखेच दिसते, त्यामुळे सुतावरून त्यांची विभागणी ओळखता येणार नाही. नगांची एकूण संख्या वेगळी मोजलीत आणि एका सुताच्या समीकरणाऐवजी ती वापरलीत, तर मार्ग निघू शकेल. मापात थोडा फरक पडून निश्चयक शून्याऐवजी बारीकसा आला, तरी त्या उत्तरावर विसंबू नका. ग्रॅमभर इकडेतिकडे झाले तरी ते शेकड्यांनी हलेल.

सात रस्ता: निश्चयक बारीक असणे हा काही निकष होत नाही. त्यांनी तेच आकडे ग्रॅमऐवजी किलोत लिहिले, तर प्रत्येक संख्या हजारांशाने लहान होते आणि ३×३ चा निश्चयक शंभर कोटींशाने, पण गणित तेच राहते. माझा मूळ मुद्दाही इथेच येतो. ओळींच्या क्रियांमध्ये दोन ओळी एकमेकींच्या जवळ आल्या, तर वजाबाकीनंतर उरलेली बारीक ओळ डोळ्यांसमोर असते. कोफॅक्टरमध्ये तिन्ही ओळी एकाच संख्येत मिसळून जातात.

होटगी रोड: निकषाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, त्यांच्या बाबतीत स्तंभ दुप्पट आहेत हे आधीच माहीत होते, म्हणून मी तसे लिहिले. परंतु बारावीच्या प्रश्नात पूर्णांक असतात, आणि पूर्णांकांवर कोफॅक्टर काढताना शेवटच्या भागाकारापर्यंत एकही अपूर्णांक येत नाही. हेच उदाहरण ओळी न बदलता सरळ सोडवून पाहा. पहिल्याच पायरीत १/२ येतो.

सात रस्ता: पहिली आणि तिसरी ओळ आधी अदलाबदल केली, आणि पहिला स्तंभ साफ झाल्यावर दुसरी आणि तिसरीही, की तो येत नाही, शेवटी ३ ने भागेपर्यंत सगळे पूर्णांकच राहतात. कोणती ओळ वर घ्यावी हे पाहायला शिकणे, हाच त्या पद्धतीचा अर्धा अभ्यास आहे.

जुळे सोलापूर (धागाकर्ता): आज रात्री मुलाला हेच उदाहरण दोन्ही रीतींनी सोडवायला देतो, आणि परक्या ओळीची कसोटीही लावायला सांगतो. एक शंका उरते: पेपरात कसोटी लिहून दाखवावी की कच्च्या कामाच्या पानावर ठेवावी?

विजापूर रोड: आमच्याकडे तरी उत्तराखाली एका ओळीत लिहिलेली चालते.