मेल मर्जसाठी एक्सेल शीट कशी लावता? तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या २४० सभासदांना नूतनीकरणाची पत्रं पाठवायची होती. शीट आधीपासून होती पण त्यात ‘नाव व पत्ता’ हा एकच कॉलम, आणि पत्रात मला हवं होतं ‘आदरणीय श्री. अमुक’ म्हणजे फक्त आडनाव. मग मी पत्राची प्रिंट काढून पेनने जिथे जिथे मजकूर बदलतो तिथे गोल केले. नऊ गोल झाले: संबोधन, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, पत्त्याच्या दोन ओळी, सभासद क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख. तेवढेच नऊ कॉलम केले, हेडिंग अगदी पहिल्या ओळीत. आधी वर मंडळाचं नाव मर्ज केलेल्या सेलमध्ये होतं, तर वर्डमध्ये फील्डच्या यादीत नावांऐवजी F2, F3 दिसायचं, ती ओळ काढल्यावर सुटलं.

पत्ता वेगळा करून नुसतं नाव तोडताना मात्र फसलो. Text to Columns ला स्पेस दिली, ज्यांचं मधलं नाव लिहिलेलं नव्हतं त्यांचं आडनाव मधल्या कॉलमात जाऊन बसलं आणि आडनावाची जागा रिकामी. ‘आदरणीय श्री. ,’ अशी एकतीस पत्रं निघाली. तुम्ही काय करता, सविस्तर लिहा.

शाईदौत
मी आडनावासाठी शेवटचा शब्द उचलते, मधे कितीही शब्द असोत:

```
=TRIM(RIGHT(SUBSTITUTE(A2," ",REPT(" ",100)),100))
```

दोन शब्दी आडनावं याने तुटतात, ती डोळ्यांनीच बघावी लागतात. आणि हे कायम मूळ कॉलम तसाच ठेवून बाजूच्या कॉलमात करा, Text to Columns उजवीकडच्या डेटावर लिहू शकतं, ‘बदलू का’ असं विचारतं तेव्हा घाईत हो म्हटलं की गेला तो कॉलम.

रविवार_सकाळ
तारखेचं सोपं आहे, सेलचं फॉरमॅट dd-mm-yyyy करा, पत्रात तसंच येतं. मी नेहमी असंच करतो.

जुनाकारकून
रविवार, येत नाही तसं, निदान माझ्याकडे तरी नाही आलं. सेलवर जे दिसतं ते फक्त रूप, वर्ड आतली किंमत उचलतो. माझ्या शीटमध्ये 05-08-2025 दिसत होतं म्हणजे ५ ऑगस्ट, पत्रात छापलं 8/5/2025, लोकांनी ८ मे वाचलं आणि मुदत संपली का म्हणून फोन सुरू झाले. 8/25/2025 असलेली पत्रं आधी बघितली असती तर महिना पुढे आलाय हे लगेच कळलं असतं, पण मी प्रिव्ह्यूत पहिलं एकच पत्र बघितलं होतं. रकमेचंही तेच, सेलमध्ये 1249.60 आणि पत्रात 1249.5999999999999. तेव्हापासून पत्रासाठी वेगळे दोन कॉलम करतो, ‘तारीख_पत्र’ आणि ‘रक्कम_पत्र’:

```
=TEXT(H2,"dd-mm-yyyy")
=TEXT(G2,"#,##0.00")
```

मूळ कॉलम पुसायचे नाहीत, कारण हे नवे कॉलम मजकूर होतात, त्यांच्यावर सॉर्ट केलं तर तारखा दिवसाच्या आकड्याने लागतात, महिन्याने नाही.

रविवार_सकाळ
अच्छा, माझ्या शीटमध्ये तारखा हाताने मजकूर म्हणूनच टाईप केल्या होत्या, म्हणून मला कधी दिसलं नसेल. आता नीट तपासतो.

पिंपळपान
माझं थोडं वेगळं, घर क्रमांकाचा कॉलम. पहिल्या बऱ्याच ओळींत 12, 47, 8 असे आकडे आणि खाली कुठेतरी ‘12अ’. मर्ज केलं तर ‘12अ’ वाल्यांचा घर क्रमांक गायब, शीटमध्ये मात्र व्यवस्थित! दोन दिवस डोकं खाजवलं. वरच्या काही ओळी बघून तो कॉलम आकड्यांचा धरला जातो आणि मग मजकूर गळतो असं निघालं. नुसतं फॉरमॅट टेक्स्ट करून आधी भरलेले आकडे बदलत नाहीत, म्हणून मी =E2&"" असा नवा कॉलम केला आणि पत्रात तोच लावला. सभासद क्रमांकातले पुढचे शून्यही असेच उडाले होते, तिथे =TEXT(F2,"0000") चाललं.

दुपारची_चहावाली
एकाच घरात तीन सभासद असतील तर तीन पत्रं जातात, ते एक कसं करायचं?

शाईदौत
हा कॉलमचा नाही, ओळींचा प्रश्न आहे ना, एक ओळ म्हणजे एक पत्र. घराला एकच ओळ ठेवून नाव१, नाव२, नाव३ असे कॉलम करता येतील.

जुनाकारकून
मग दोनच सभासद असलेल्या घराच्या पत्रात तिसऱ्या नावाच्या जागी स्वल्पविराम लोंबकळत राहतो. मी तिन्ही नावं शीटमध्येच जोडून ‘नावे_पत्र’ असा एकच कॉलम करतो, पण मग रकमा तिघांच्या वेगळ्या असल्या की तिथे अडतो. कुणी हे नीट केलंय का?