कांद्याचे बारा रुपये आपल्या दारात पस्तीस कसे होतात?

बी-302: गावाकडच्या भावाने एप्रिलमध्ये कांदा बारा रुपये किलोने दिला, आणि आता ऑक्टोबरमध्ये आपल्या सोसायटीच्या फाटकाबाहेर तोच कांदा पस्तीस रुपयांना मिळतो आहे. मधले तेवीस रुपये दलाल खातात, हे आता उघड बोलायला हवे.

सी-104: ताई, नागपूरच्या कळमना बाजारात एका ठोक व्यापाऱ्याकडे मी बरीच वर्षे हिशेब लिहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आकडे समजण्यापुरते गोल धरले आहेत. नाशिककडच्या एका व्यापाऱ्याने एप्रिलमध्ये शंभर किलो उन्हाळी कांदा बाराशे रुपयांना घेऊन कांदाचाळीत ठेवला, असे समजा. पाच-सहा महिन्यांत त्यातले पाणी उडते, काही कांदे सडतात, काहींना कोंब येतात, आणि पाऊस लांबला तर काळी बुरशीही चढते. अशी तूट तीस टक्क्यांपर्यंत जाणे नवलाचे नाही. मग बाराशे रुपये उरलेल्या सत्तर किलोंवर पडतात, म्हणजे किलोला सतरा रुपयांच्या थोडे वर. हे वाढलेले पाच रुपये कोणाच्याही खिशात गेलेले नाहीत.

त्यात अडकलेल्या पैशाचे व्याज, चाळीचे भाडे, प्रतवारीची मजुरी आणि गोण्या मिळून दोनशे रुपये धरले, तर चाळीतून निघतानाच किलोला वीस रुपये पडतात. नागपूरपर्यंतच्या सहाशेहून अधिक किलोमीटरच्या वाहतुकीचे अडीच आणि हमाली, अडत, बाजार शुल्क यांचा दीड रुपया मिळवला की चोवीस होतात. साठवणाऱ्याच्या नफ्याचे दोन रुपये धरून ठोक भाव सव्वीस झाला.

ए-201: काका, सव्वीसचे पस्तीस करणारा आपला ठेलेवालाच मग खरा नफेखोर म्हणायचा का?

सी-104: त्याचाही हिशेब करू. आणण्याचा खर्च किलोला एक रुपया, म्हणजे सत्तावीस. गोणीत आठ टक्के माल नासका किंवा न विकण्याजोगा निघाला, तर विकलेल्या किलोमागे त्याला एकोणतीस रुपयांहून अधिक पडतात. राहिलेल्या साडेपाच-पावणेसहा रुपयांत त्याची दिवसाची मजुरी आहे, आणि दिवसाला पन्नास किलो कांदा विकला तर ती तीनशेच्या आतच राहते. घाऊक व्यापारी थोड्या नफ्यावर बराच माल फिरवतो. याच्याकडे माल थोडा, म्हणून किलोमागे त्याला जास्त घ्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासातही ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा कांद्यात सुमारे 36 टक्के निघाला होता. आपल्या उदाहरणात तूट बाजूला ठेवून नुसते किलोचे भाव ताडले, तर तो 34 येतो.

बी-302: म्हणजे व्यापारी साव आणि शेतकरी उगाच ओरडतो, असे तुमचे म्हणणे आहे?

सी-104: नाही ताई. मला दोन ठिकाणी खरी खोट दिसते. पहिली लिलावात आहे. बोली लावणारे मोजके असले की भाव दाबला जातो, आणि शेतकरी भरलेला ट्रॅक्टर परत नेऊ शकत नाही. एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या मालाला, जवळच्या दोन बाजारांतल्या भावातला फरक वाहतूक खर्चाहून बराच मोठा असेल, तर तिथे काहीतरी मुरते आहे असे समजावे. राज्याने 2016 मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. कागदावर हे योग्यच आहे, पण खरेदीदार मोजके असतील तर तो तेवढी बोलीच कमी लावतो.

दुसरी गोष्ट जोखमीची. साठवणाऱ्याच्या नफ्याचे मी धरलेले दोन रुपये हा चांगल्या-वाईट वर्षांचा मेळ आहे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. अशा वेळी भाव घसरतो आणि ज्याच्या चाळीत माल पडला आहे, तो बुडतो. ही भीती असते, म्हणून एप्रिलमध्ये बोली लावतानाच व्यापारी हात आखडता घेतो. तुमच्या भावाने स्वतःच्या चाळीत कांदा ठेवला असता, तर ऑक्टोबरचा भाव त्याला मिळाला असता, पण तूट आणि जोखीमही त्याचीच झाली असती; ज्याला खरिपाच्या बियाण्यासाठी मे महिन्यातच पैसे लागतात, त्याला ते जमत नाही.

ए-201: पण शेतकऱ्याला तीन रुपये मिळतात, तेव्हाही आपल्याला कांदा पंधराच्या खाली मिळत नाही. त्याचे काय?

सी-104: वाहतूक, हमाली, गोणी आणि ठेलेवाल्याची मजुरी हे खर्च किलोवर चालतात, भावावर नाही. कांदा तीनचा असो की तीसचा, ट्रकचे अडीच रुपये लागतातच. म्हणून भाव पडतो, तेव्हा शेतकऱ्याचा टक्का सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त घसरतो.

सचिव: चाळीस घरांनी मिळून थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा का?

सी-104: नाशिकहून टनभर मालासाठी स्वतंत्र छोटी गाडी केली, तर नुसते भाडेच किलोला दहा रुपयांवर जाईल. त्यापेक्षा बुलढाण्याकडून येणाऱ्या गाडीत जागा मिळते का ते पाहावे, नाहीतर कळमन्यातून वीस गोण्या घ्याव्यात. मात्र त्या निवडायच्या कोणी आणि नासका माल कोणाच्या वाट्याला टाकायचा, हे आधी ठरवा.

सचिव: रविवारी सकाळी पार्किंगमध्ये निवडायला कोण कोण येणार, त्यांनी आपला फ्लॅट क्रमांक इथे लिहावा. नासका माल सर्वांच्या वाट्यातून सारखा वजा होईल.