सिगरेट सोडायची तारीख उजाडायच्या आधीच निकोटिनचा पॅच? खाज आणि स्वप्नं सोसायची का?

शिरोलीकर : अठरा वर्षं सिगरेट ओढतोय, रोज १५. जोतिबाच्या यात्रेदिवशी सोडणार असं घरी सांगितलंय. डॉक्टरांनी ३ आठवडे आधीच २१ मिलिग्रॅमचा पॅच सुरू केला, तोवर सिगरेट ओढली तरी चालेल म्हणाले. आज आठवा दिवस. दंडावर लाल चौकोन उठलाय, खाज सुटते. परवा स्वप्नात फौंड्रीतलं वितळलेल्या धातूचं लॅडल माझ्या पोराच्या अंगावर कलंडलं, घामाघूम होऊन उठलो. पॅच ठेवू का काढू?

मंगळवार पेठ : काढ भावा. दंडाला निकोटिन आणि तोंडात पण निकोटिन, ह्याला सोडणं म्हणत न्हाईत. अशानं हार्टॲटॅक येतो. मी एका दिवसात सोडली, सहा वर्षं झाली, परत हात लावला न्हाई.

समुपदेशक, राजारामपुरी : तुम्ही एका दिवसात सोडलीत, ते खरंच मोठं आहे. पण बहुतेकांना ते जमत नाही, म्हणून तर ही पद्धत आली. पॅचमुळे रक्तात निकोटिन आधीच असतं. मग सिगरेट पेटवली तरी पहिल्यासारखी मजा येत नाही, कित्येक जण अर्धी ओढून टाकतात. ओढणं आणि बरं वाटणं यांची सांगड सुटायला लागते, आणि ती तारखेच्या आधी सुटावी हाच हेतू. पॅचवर सिगरेट ओढली की हार्टॲटॅक, ही भीती जुनी आहे. चाचण्यांत तसं दिसलेलं नाही. मात्र नुकताच झटका येऊन गेलेला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि मळमळ, गरगरणं, धडधड सुरू झाली तर निकोटिन जास्त होतंय. पॅच काढून डॉक्टरांना फोन करायचा.

शिरोलीकर, पॅच रोज त्याच दंडावर लावता का? आणि भट्टीजवळ उभे असता का?

शिरोलीकर : उजव्या दंडावर, त्याच जागी. आंघोळीनंतर खोबरेल लावतो, मग पॅच. आणि हो, भट्टीसमोरच असतो.

समुपदेशक, राजारामपुरी : मग बरंचसं तिथंच सापडलं. एकदा लावलेली जागा किमान आठवडाभर मोकळी ठेवायची. आज उजवा दंड, उद्या डावा, परवा पाठीचा वरचा भाग, असं फिरवा. तेल, क्रीम काही नको. कातडी नुसत्या पाण्यानं धुवून कोरडी करा. केस असतील तर कात्रीनं कापा. वस्तऱ्यानं सोललेल्या कातडीवर जास्त झोंबतं. जुन्या लाल जागेवर १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन चालेल, पण ज्या जागी नवा पॅच लावायचाय तिथं नको. झळ लागली की कातडीतून निकोटिन भराभर आत जातं आणि घामानं कडा सुटतात, म्हणून तोंड भट्टीकडे असेल तर पॅच पाठीवर बरा.

लाली चौकोनाच्या आतच असेल आणि एक-दोन दिवसांत फिकी होत असेल, तर ती नुसती चुरचुर. चौकोनाच्या बाहेर पसरली, सूज आली, पाण्याचे फोड उठले, चार दिवस हटली नाही, तर ती ॲलर्जी. मग पॅच बंद करून डॉक्टरांना दाखवायचं.

रंकाळा फेरी : स्वप्नांवर सोपा उपाय आहे, झोपताना पॅच काढायचा. सगळ्यांनी काढावाच.

समुपदेशक, राजारामपुरी : सगळ्यांनी नको. शिरोलीकर अजून ओढतायत, म्हणजे ही स्वप्नं सिगरेट तुटल्यामुळं नाहीत; रात्रभर मिळणाऱ्या निकोटिनकडं बोट जातं. पॅच काढल्यावरही कातडीत साठलेलं निकोटिन काही तास उतरत राहतं, म्हणून अंथरुणावर पडायच्या तासभर आधीच काढा. सध्या त्यात तोटा फारसा नाही. तारखेनंतर मात्र सकाळची तलफ सर्वांत जोरकस असते, आणि उठल्यावर लावलेला पॅच चढायला काही तास लागतात. तेव्हा रात्री ठेवायचा, की काढून सकाळी उठल्याबरोबर निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा गम चघळायचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागेल. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडूनच टाका; त्यात निकोटिन उरलेलं असतं आणि घरात लहान पोर आहे.

उचगावचा : मी मावा खातो, दिवसाला ८ पुड्या. मीही आधीच पॅच लावू?

समुपदेशक, राजारामपुरी : या चाचण्या सिगरेट ओढणाऱ्यांवर झाल्या, त्यांचा निष्कर्ष माव्याला तसाच लावता येणार नाही. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडवणाऱ्या मोफत क्विटलाइनवर बोला, आणि तोंड एकदा तपासून घ्या.

मंगळवार पेठ : मला एवढंच सांगा, फायदा किती?

समुपदेशक, राजारामपुरी : इंग्लंडमध्ये सुमारे १८०० जणांवर ४ आठवडे आधी पॅच लावून पाहिला; निकाल २०१८ मध्ये आला. सहा महिन्यांनी आधी पॅच लावलेल्यांपैकी १७.५ टक्के सुटलेले होते, न लावलेल्यांपैकी १४.४. एवढ्या फरकाला त्या अभ्यासानं स्वतःच पक्का पुरावा म्हटलं नाही. पण पॅच गटातल्या कमी लोकांनी नंतर व्हॅरेनिक्लिन हे सिगरेट सोडवणारं औषध घेतलं, तो हिशोब धरला की फरक ठळक होतो. इतर चाचण्या एकत्र केल्या तरी कल फायद्याकडेच आहे.

मंगळवार पेठ : शंभरात तीन. मी अजून न्हाईच म्हणतो.

समुपदेशक, राजारामपुरी : त्या तिघांत शिरोलीकर असतील तर?

शिरोलीकर : काल रात्री नऊला काढला, दहाला झोपलो. स्वप्न पडलं, पण उठवलं नाही. आज पाठीवर लावलाय, बायकोनं लावून दिला. दुपारच्या चहाबरोबरची सिगरेट निम्मीच ओढून विझवली, का ते कळलं नाही. यात्रेनंतर रात्री ठेवायचा का, ते डॉक्टरांना विचारून सांगतो.