मदत हवी आहे: निरोपाच्या व्हिडिओची संहिता कशी बांधू?

आमच्या लेखा विभागातल्या ज्येष्ठ मॅडम या महिन्यात निवृत्त होत आहेत. सहकाऱ्यांच्या 18 क्लिप्स आल्या आहेत, प्रत्येकी साधारण 40 सेकंदांच्या. सलग जोडल्या तर 12 मिनिटं होतात, आणि मला 5 मिनिटांत संपवायचं आहे. प्रत्येकाची 12 सेकंदं ठेवली, तर निवेदनाला जेमतेम दीड मिनिट उरतं.

खरी अडचण वेगळीच आहे. जवळजवळ सगळे म्हणतात, "मॅडमकडून खूप शिकायला मिळालं." म्हणून सहा जणांना पुन्हा विचारलं, "नेमकं काय शिकलात? एक दिवस आठवून सांगा." तेव्हा तिघांनी एकच प्रसंग सांगितला. ताळेबंद 27 रुपयांनी जुळत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "फरकाला 9 ने भाग जातोय, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत." आणि 85 च्या जागी लिहिलेले 58 त्यांनीच शोधून काढले!

हा प्रसंग मला तिघांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांत सांगायचा आहे: एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पुढे न्यायचा, तिसऱ्याने उलगडा करायचा. तिथे निवेदन नकोच असं मला वाटतं.

पण उरलेल्या पंधरा जणांचं काय? त्यांच्या शुभेच्छांतलं एकेक वाक्य घेऊन शेवटी भराभर दाखवलं, तर कुणाला डावलल्यासारखं वाटेल का? आणि सुरुवात थेट त्या 27 रुपयांपासून करू, की आधी मॅडमची ओळख हवी? असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.